सहकाऱ्याला पहिला खासगी मेसेज पाठवण्यापूर्वी

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटईच्या कारखान्यात मी गेली चौदा वर्षे मनुष्यबळ विभागाचे काम पाहते आणि त्यातली काही वर्षे महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या अंतर्गत समितीची सदस्यही होते. समितीपुढे आलेल्या तक्रारींचा तपशील कायद्यानेच गोपनीय असतो, त्यामुळे त्यातले एकही प्रकरण मी इथे सांगणार नाही. मात्र एक चित्र सांगता येते, कारण ते कोणा एकाचे नाही. तक्रारीला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संभाषणाच्या छापील प्रती जोडलेल्या असतात. त्या तक्रारदार स्त्रीच्या फोनवरून घेतलेल्या असल्यामुळे समोरच्याचे मेसेज डावीकडे आणि तिचे उजवीकडे दिसतात. डावी बाजू गच्च भरलेली असते, उजव्या बाजूला मात्र अधूनमधून एखादे "ओके", एखादे "हो सर", एखादा हात जोडलेला इमोजी एवढेच असते. ज्याने हे मेसेज पाठवलेले असतात तो मनापासून सांगतो की ती उत्तर देत होती, म्हणजे तिला आवडत होते. बहुतेक वेळा तो खोटे बोलत नसतो. त्याने पाने नीट वाचलेलीच नसतात.

म्हणून एका कार्यालयात काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्याविषयी ओढ वाटू लागली, तर फ्लर्टिंग योग्य आहे की नाही हे कसे ठरवावे आणि दोघांनाही रस आहे असे दिसल्यावर मेसेज कसे असावेत, हे मी इथे पायरीपायरीने मांडते. मी बहुतेक ठिकाणी "तो" विचारणारा आणि "ती" उत्तर देणारी असे लिहिले आहे, कारण बहुतेक वेळा माझ्यापुढे तसेच येते. पण विचारणारी ती असली किंवा दोघे पुरुष अथवा दोघी स्त्रिया असल्या, तरी कसोटी तीच राहते.

आधी नकाराची किंमत मोजावी

बहुतेक तरुण मुले पहिला प्रश्न विचारतात की तिला मी आवडतो का. तो प्रश्न नंतरचा आहे. त्याआधीचा प्रश्न असा की तिला मी आवडत नसेन, तर ते सांगताना तिला काय मोजावे लागेल. नकार फुकट देता येत असेल तरच तिच्या होकाराला अर्थ आहे. नकाराची किंमत जबर असेल, तर तिचे हसणे, बोलणे, उत्तर देणे यातून काहीच ठरवता येत नाही.

वरिष्ठाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीशी फ्लर्टिंग करू नये हे आता बहुतेकांना पटते. ज्याच्या हातात कोणाची पगारवाढ, रजा, शिफ्ट, मूल्यमापन किंवा कायम होण्याचा कागद आहे, त्याने त्या व्यक्तीच्या बाबतीत हा विचारच बाजूला ठेवावा, मग समोरून कितीही आपुलकी दिसो. पण हुद्दा सारखा असूनही एकाची दोरी दुसऱ्याच्या हातात असू शकते. हजेरीच्या मशीनवरचे उशिराचे शेरे दुरुस्त करणारा टाइम ऑफिसचा कारकून, ओव्हरटाइमचा तक्ता भरणारा, गेटपासवर सही करणारा, नव्या मुलीला मशीन शिकवणारा जुना ऑपरेटर, यांपैकी कोणीही "साहेब" नसतो. तरीही त्याला नाराज केले तर आपले रोजचे काम अडेल हे समोरच्याला पक्के ठाऊक असते. प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस आणि कंत्राटी कामगार यांच्या बाबतीत तर मी सरळ "नको" म्हणते, कारण त्यांची नोकरी कोणाच्याही एका तक्रारीवर जाऊ शकते आणि ते त्यांना माहीत असते.

खान्देशात या किमतीत आणखी भर पडते. मोठ्या शहरात एखाद्याला नाही म्हटले तर तो संध्याकाळी पाच वाजल्यानंतर दिसत नाही. आपल्याकडे अमळनेर, धरणगाव, पाचोरा, भुसावळ इथून रोज अप-डाऊन करणारी माणसे ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात, अनेकदा ठरलेल्या बाकावर बसतात. ज्याला नकार दिला तोच सकाळ-संध्याकाळ समोर असतो, त्याचा चुलतभाऊ तिच्या मामाच्या गल्लीत राहतो, आणि कोण कोणाशी बोलत होते ही बातमी तिच्या आधी घरी पोहोचते. एवढ्यावर "नोकरी सोड, घरी बस" असे ऐकावे लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मुलाला मात्र त्याच बातमीवरून मित्रांची थोडी चेष्टा सोसावी लागते, इतकेच. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने मेसेज पाठवण्याची घाई करू नये.

याच पायरीवर दोन गोष्टी पटकन तपासून घ्याव्यात. दोघांपैकी कोणी विवाहित आहे का किंवा कोणाचे लग्न ठरले आहे का, आणि कंपनीच्या सेवानियमांत सहकाऱ्यांमधल्या संबंधांविषयी काही लिहिले आहे का. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असेल तर पुढे वाचायची गरज नाही. दुसऱ्यासाठी नियुक्तिपत्रासोबत मिळालेली पुस्तिका उघडून पाहावी. काही ठिकाणी एकाच विभागात असणाऱ्यांनी संबंधाची माहिती द्यावी अशी अट असते.

एक उदाहरण जवळून

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलाची हकीकत त्याच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून सांगते. तो क्वालिटी विभागात, अमळनेरहून येणारा. ती डिस्पॅचमध्ये, धरणगावहून येणारी. हुद्दा सारखा, वरिष्ठ वेगवेगळे. दोघांची घरची बोली अहिराणी, त्यामुळे कॅन्टीनमध्ये दोघे अहिराणीतच बोलत. डिसेंबरात कंपनीची भरीत पार्टी झाली. बामणोदची वांगी, काटक्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी, आणि शेतातच पंगत. तिथे तिने त्याला विचारले की तुम्ही बँकेची परीक्षा दिली होती ना, गणितासाठी कुठले पुस्तक वापरले. दोघे बराच वेळ परीक्षेविषयी बोलले. दुसऱ्या रात्री पावणेअकराला त्याने डिस्पॅचच्या ग्रुपमधून तिचा नंबर घेऊन मेसेज लिहिला, आणि सुदैवाने पाठवला नाही. सकाळी तो माझ्या टेबलासमोर फोन घेऊन उभा होता. मेसेज असा होता: "काल हिरव्या ड्रेसमध्ये खूप भारी दिसत होतीस. झोपलीस का?"

तो मुलगा चांगला आहे, आणि या दोन वाक्यांत त्याला काही वावगे दिसत नव्हते. मी त्याला एकेक गोष्ट दाखवली. नंबर कामासाठी दिलेल्या ग्रुपमधून उचललेला आहे, म्हणजे तो तिने त्याला दिलेलाच नाही. पहिलेच वाक्य तिच्या दिसण्यावर आहे, म्हणजे परीक्षेविषयी ती जे बोलली त्यातले याच्या लक्षात काय राहिले, तर ड्रेस, असा त्याचा अर्थ होतो. समोरासमोर दोघे "तुम्ही" म्हणतात, मेसेजात मात्र त्याने तिला न विचारता "तू" केले. "झोपलीस का?" हा प्रश्न रात्री पावणेअकराला विचारला, की उत्तर दिले तरी ती जागी होती हे कळते आणि नाही दिले तरी सकाळी "पाहिला नाही का मेसेज" हे ऐकावे लागते. शिवाय घरात तिचा फोन आई किंवा भाऊ पाहत असतील, तर या ओळींचा जाब तिला द्यावा लागेल, त्याला नाही.

आणि त्याच्याही लक्षात न आलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याची सही. क्वालिटीचे "पास" स्टिकर लागल्याशिवाय डिस्पॅचचा ट्रक निघत नाही. दुपारी चारचा ट्रक अडला तर ओरडा तिला बसतो, आणि स्टिकर लावणारा तो. त्याने कधी मुद्दाम उशीर केला नसता, यावर माझा विश्वास आहे. पण त्याला नाराज केले तर काय, हा विचार तिच्या मनात येणारच नाही असे त्याला म्हणता येईल का, असे मी त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने स्वतःच मार्ग काढला. स्टिकरसाठी ती त्याला वैयक्तिक फोन करत असे. त्याऐवजी लॉट तपासण्याची मागणी रजिस्टरमध्ये आलेल्या क्रमानेच घ्यायची आणि त्याच्या शिफ्टला दुसऱ्या तपासनिसालाही सहीचा अधिकार द्यायचा, असे त्याने आपल्या वरिष्ठांना सुचवले. त्यामागचे कारण सांगण्याची गरज पडली नाही, कारण पद्धत म्हणून ते असेही चांगलेच होते. तिचे काम त्याच्या मर्जीवर राहिले नाही, हे मला पहिल्या मेसेजच्या मजकुरापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आवड कशात दिसते आणि कशात दिसत नाही

हसून बोलणे, डब्यातली शेवभाजी पुढे करणे, कामाच्या मेसेजला लगेच उत्तर देणे, वाढदिवसाला शुभेच्छा देणे, गाडीत जागा धरून ठेवणे, ही आपल्याकडची साधी रीत आहे. जेवायला बसलेल्याने शेजारच्याला "घ्या ना" म्हणायचे हे आपण लहानपणापासून शिकतो. त्यातून कोणी प्रेमाचा अर्थ काढू लागला, तर मुलींना माणुसकीने वागणेच अवघड होते.

खरा रस असेल तर तो मुख्यतः पुढाकारात दिसतो. कामाचा संबंध नसताना ती स्वतःहून बोलायला येते का? बोलणे संपवून निघून जाणे सहज शक्य असताना ती थांबते का? तुम्ही दोन दिवस गप्प राहिलात तर ती विषय काढते का? मागे सांगितलेली तुमची एखादी गोष्ट लक्षात ठेवून त्याविषयी विचारते का? यांतली एखादी गोष्ट एकदा घडली म्हणून काही ठरत नाही. दोन-तीन आठवडे, वेगवेगळ्या प्रसंगी, तुम्ही न ओढता ती घडत असेल, तर एक साधा खासगी मेसेज पाठवण्याइतका आधार मिळतो. त्यापलीकडचा नाही.

त्या मुलाच्या बाबतीत तिने एकदा प्रश्न विचारला होता, एवढेच हाती होते. म्हणून मेसेजही त्या प्रश्नापुरताच असायला हवा, असे आम्ही ठरवले. सोमवारी कॅन्टीनमध्ये भेट झाल्यावर त्याने आधी तोंडी विचारले, "पुस्तकाचं तुम्हाला मेसेज करून कळवू का, की इथंच सांगू?" तिने "करा ना मेसेज" म्हटले. आता तो नंबर त्याला तिने दिलेला झाला. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने लिहिले: "पार्टीत तुम्ही गणिताच्या पुस्तकाचं विचारलं होतं. माझ्याकडे आहे, थोड्या खुणा केलेल्या आहेत. हवं असेल तर आणून देतो, नको असेल तरी हरकत नाही."

हा मेसेज तिने सुरू केलेल्या विषयावर आहे, रात्री नव्हे, संध्याकाळी गेलेला आहे, घरात कोणीही वाचला तरी तिला अडचण नाही, आणि उत्तर दिले नाही तरी काही बिघडत नाही. यात फ्लर्टिंग कुठे आहे, असे त्याने मला विचारले. नाही आणि नसावे. पहिल्या मेसेजचे काम फक्त एवढेच की तिला हवे असल्यास पुढे बोलता यावे.

उत्तर वाचणे

आपल्याकडे तोंडावर "नाही" म्हणायची सवय फार थोड्यांना असते, बायकांना तर ती लागूच दिली जात नाही. त्यामुळे नकार बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दांत येतो आणि तो ओळखण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. "बघू", "आता जरा गडबड आहे", "घरी विचारावं लागेल", दोन दिवसांनी आलेला नुसता अंगठा, प्रश्नातला अर्धा भाग सोडून दिलेले उत्तर, भेटायचे म्हटले की "सगळेच जाऊ या", हे सगळे नकारच समजावेत. ती आधी नावाने किंवा "तुम्ही" म्हणून बोलत होती आणि अचानक "दादा" म्हणू लागली, तर तिने अत्यंत स्पष्ट उत्तर दिले आहे. आपल्याकडे "भाऊ" तर भाजीवाल्यालाही म्हणतात, म्हणून त्या एका शब्दावर जाऊ नये. पाहायचे ते बदलाकडे. दोघे अहिराणीत बोलत असताना ती एकाएकी "नमस्कार सर, लॉट क्रमांक पाठवत आहे" अशा छापील मराठीवर आली, तर भाषेने दार लोटून घेतले आहे हे अहिराणी बोलणाऱ्याला तरी समजावून सांगावे लागू नये.

उलट, खरी आवड असेल तर उत्तरात बहुतेक वेळा पुढचा धागा असतो. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले: "हो चालेल, आणा. तुम्ही मुलाखतीपर्यंत गेला होतात ना? काय विचारतात?" इथे तिने नवा प्रश्न विचारला होता, आणि तो त्याच्याविषयी होता.

दर दोन आठवड्यांनी संभाषण वर सरकवून एक हिशेब करावा, असे मी त्याला सांगितले. कामाचे मेसेज सोडून द्यावेत आणि उरलेल्या संभाषणांपैकी किती तिने सुरू केली ते मोजावे. साधारण निम्मी असतील तर ठीक. दहापैकी नऊ तुम्ही सुरू केलेली असतील, तर तुम्ही एकटेच बोलत आहात, मग तिची उत्तरे कितीही गोड असोत. तिची उत्तरे आखूड होत गेली आणि तुमचे मेसेज लांबत गेले, हे तर थांबण्याचे सर्वांत विश्वासार्ह चिन्ह आहे, कारण माणूस नेमका अशाच वेळी अधिक लिहू लागतो.

स्पष्ट विचारणे, आणि एकदाच

महिनाभर असे बोलणे झाल्यावर आडून आडून सूचक मेसेज पाठवत राहण्यापेक्षा एकदा सरळ विचारणे मला अधिक आदराचे वाटते. अर्धवट शायरी, "कोणीतरी आवडतं मला" असे स्टेटस, मित्राकरवी निरोप, यांतून समोरच्या व्यक्तीला अंदाज बांधत बसावे लागते आणि नकार द्यायलाही काही हाती लागत नाही. मित्राकरवी तर कधीच विचारू नये. त्या क्षणी ती गोष्ट दोघांची राहत नाही.

त्याने लिहिलेला मेसेज मी शब्दशः देते: "मला तुमच्याशी बोलायला आवडतं, कामापलीकडेही. रविवारी चहाला भेटायला आवडेल का? कुठे ते तुम्हीच ठरवा. नको वाटलं तर नुसतं नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही. सोमवारी आपलं काम आहे तसंच चालेल." शेवटचे वाक्य नुसते लिहून भागत नाही. लॉटच्या क्रमाची व्यवस्था आधी झालेली होती म्हणूनच त्याला ते लिहिण्याचा हक्क होता. जागा तिच्यावर सोडली, कारण मेहरूण तलावावर किंवा स्टेशनजवळ दिसले तर काय होईल याचा अंदाज तिलाच नीट असतो. कामाच्या जागेत, गाडीच्या डब्यात किंवा कंपनीच्या बसमध्ये असे विचारू नये, कारण तिथून उठून जाता येत नाही.

तिचे उत्तर आले: "परीक्षेपर्यंत नको."

तो आनंदात होता. त्याच्या मते याचा अर्थ परीक्षेनंतर हो. मी त्याला सांगितले की यातला पहिला शब्द धरून बसू नकोस, शेवटचा धर. तो कदाचित खरोखरच पुढे ढकललेला होकार असेल, कदाचित सौम्य केलेला नकार असेल. दोन्ही बाबतींत आज करायची गोष्ट एकच आहे. परीक्षा कधी संपते याची वाट पाहून दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणे म्हणजे तिला पुन्हा नवे कारण शोधायला लावणे. त्याने उत्तर दिले, "बरं. परीक्षेला शुभेच्छा." आणि विषय बंद केला. पुढचे दोन महिने त्याने फक्त कामाचे मेसेज केले, कॅन्टीनमध्ये दिसली तर पूर्वीसारखे चार शब्द बोलला, ती ज्या डब्यात बसते तो डबा मुद्दाम धरला नाही आणि मुद्दाम टाळलाही नाही. रुसून अबोला धरणे हीसुद्धा नकाराची शिक्षाच असते, आणि ती देणाऱ्याला अनेकदा कळतही नाही. मार्चमध्ये पुस्तक परत करताना तिने स्वतःच विचारले, "चहा राहिला होता ना?"

तिने विचारले नसते तर? तर तो विषय तिथेच संपला असता, आणि त्याची तेवढी तयारी होती. ती तयारी नसेल तर विचारूच नये.

कायदा कुठे उभा आहे

इथे थोडक्यात कायद्याचे सांगते, कारण याविषयी दोन्ही टोकांच्या अफवा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७च्या विशाखा निकालानंतर पुढे २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येचा गाभा "नकोसे" या शब्दात आहे. शारीरिक लगट, लैंगिक मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि इतर कोणतेही नकोसे लैंगिक वर्तन, मग ते शब्दांतून असो वा खुणांतून, या व्याख्येत येते. "माझा हेतू तसा नव्हता" एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. बढतीचे आमिष किंवा नोकरीची धमकी, उघड असो वा सूचक, जोडलेली असेल तर प्रकरण अधिक गंभीर होते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान दुकाने, दवाखाने, डाळ मिलच्या पेढ्या यांतल्या स्त्रिया जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते आणि योग्य कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. मालकाने पुरवलेली बस हीसुद्धा कामाची जागाच समजली जाते.

स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही वारंवार संपर्क साधत राहणे, मागे मागे जाणे किंवा स्त्री इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली वेगळा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळीही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती ऑनलाइन असताना उत्तर का दिले नाही हे विचारण्याची सवय ज्याला आहे, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

पण बरोबरीच्या सहकाऱ्याला एकदा, सभ्य शब्दांत, चहाला येता का असे विचारणे आणि "नको" ऐकल्यावर खरोखर थांबणे याला घाबरण्याचे कारण नाही. २०१३च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असते. पुरुषाला असा त्रास झाला तर कंपनीच्या सेवानियमांचा आधार घ्यावा लागतो, आणि अशा पुरुषाला हसण्यावारी नेऊ नये, असे मी प्रत्येक बैठकीत सांगते.

दोघांनाही रस आहे, मग मेसेज कसे असावेत

इथे सैल होणे स्वाभाविक आहे, म्हणून काही गोष्टी दोघांनी सुरुवातीलाच बोलून घ्याव्यात. मेसेज किती वाजेपर्यंत चालतील, घरी फोन कोण पाहते, कार्यालयात कोणाला माहीत असलेले चालेल. त्या दोघांनी रात्री नऊनंतर मेसेज करायचा नाही असे तिच्या सोयीने ठरवले. "तुम्ही"वरून "तू"वर यायचे तेही तिने आधी सुरू केल्यावर, असे त्याने मनाशी ठेवले होते. ते एप्रिलमध्ये कधीतरी आपोआप झाले, आणि कार्यालयात मात्र दोघांनी "तुम्ही" कायम ठेवले.

कामाचे आणि खासगी बोलणे एकाच ओळीत मिसळू नये. "लॉट पास केला, आता काय देणार?" असा मेसेज दोघांच्या मजेत गेला तरी तो चुकीचा आहे, कारण त्यात त्याच्या सहीची किंमत लावलेली आहे. कंपनीचा मेल, कंपनीचा लॅपटॉप आणि कामाचे ग्रुप यांवर खासगी एक अक्षरही लिहू नये. कौतुक करायचे तर तिने केलेल्या, निवडलेल्या, बोललेल्या गोष्टीचे करावे. शरीराविषयीचा शेरा तिने तशी मोकळीक स्वतः दिल्याशिवाय टाळावा, आणि दिली तरी ती त्या दिवसापुरती आहे असे धरावे. काल हसून घेतलेली थट्टा आज नको असू शकते. "हे लिहिलेलं आवडलं नाही" असे तिने म्हटले, तर "गंमत केली गं" हे उत्तर नाही. "बरं, पुन्हा लिहिणार नाही" हे आहे.

फोटो मागू नयेत. आलेला फोटो किंवा संभाषणाचा स्क्रीनशॉट जवळच्या मित्रालाही दाखवू नये, आणि हे वचन दोघांनी एकमेकांना उघड शब्दांत द्यावे. आपल्याकडे एका फोनवरून दुसऱ्यावर गेलेला स्क्रीनशॉट संध्याकाळच्या गाडीत चार डबे फिरतो.

कधीतरी चूक होतेच. घाईत, रागात किंवा मित्रांच्या नादात नको ते लिहून जाते आणि मग माणूस तो मेसेज डिलीट करतो. तसे केल्याने मेसेज पुसल्याची ओळ तिच्या फोनवर तशीच राहते आणि त्यात काय लिहिले होते याचा घोर तिला लागतो. त्याऐवजी एकच मेसेज लिहावा: "मघाशी मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. माफ करा. उत्तर द्यायची गरज नाही." त्यात "पण" नसावा, स्पष्टीकरण नसावे, आणि तिने माफ केले की नाही हे पुन्हा विचारू नये.

शेवटची एक बाब दोघांच्या संमतीनंतरही सुटत नाही. ज्या दिवशी एकाची बढती होऊन दुसऱ्याचे मूल्यमापन, रजा किंवा शिफ्ट त्याच्या हाती येते, त्या दिवशी पहिल्या पायरीवरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मागच्या दिवाळीनंतर त्या मुलाला शिफ्ट इन्चार्ज करण्याचे ठरले आणि डिस्पॅचची शिफ्टही त्याच्याच खाली येणार होती. तो बढतीचे पत्र स्वीकारण्याआधी, तिला विचारून, माझ्याकडे आला आणि दोघांविषयी त्याने लेखी कळवले. तिची हजेरी, रजा आणि मूल्यमापन दुसऱ्या इन्चार्जकडे द्यायला आम्हाला अर्धा दिवस लागला. त्याने कळवलेले ते पत्र तिच्याही सहीने तिच्या फाइलमध्ये लागले आहे.